विधान-कारण प्रश्न: दोन्ही बरोबर आहेत हे कळतं, पुढे गाडी अडते

रेवा_अभ्यास

राज्यशास्त्राच्या सराव परीक्षांत माझे सगळ्यात जास्त गुण विधान-कारण प्रश्नांत जातात. वैताग याचा आहे की माहिती चुकत नाही. विधान बरोबर की चूक, कारण बरोबर की चूक, इथपर्यंत सगळं नीट होतं. म्हणजे पर्याय 3 (विधान बरोबर, कारण चूक) आणि पर्याय 4 (विधान चूक, कारण बरोबर) यांत मी फसत नाही. दोन्ही बरोबर निघाले की मात्र पर्याय 1 (कारण हे विधानाचे योग्य स्पष्टीकरण आहे) की पर्याय 2 (योग्य स्पष्टीकरण नाही) यात अंदाजपंचे चालतं.

कालचाच प्रश्न देते.

विधान: राज्याच्या धोरणाची मार्गदर्शक तत्त्वे न्यायालयामार्फत अमलात आणता येत नाहीत.
कारण: मार्गदर्शक तत्त्वे देशाच्या राज्यकारभारात मूलभूत आहेत.

मी 1 लिहिलं, उत्तरसूचीत 2 आहे. दोन्ही गोष्टी कलम 37 मध्येच आहेत, अगदी शेजारी शेजारी. मग एक दुसऱ्याचं स्पष्टीकरण का नाही?

टिपणवही

सोपं आहे. दोन वाक्यांच्या मध्ये 'कारण' घालून मोठ्याने वाचायचं. वाक्य जमलं तर 1, नाही जमलं तर 2. मी कायम हेच करतो, बहुतेक वेळा बरोबर येतं. तुझ्या प्रश्नात बघ: 'न्यायालयामार्फत अमलात आणता येत नाहीत, कारण ती मूलभूत आहेत.' कानालाच खटकतं.

रेवा_अभ्यास

मला नाही खटकलं ना, तीच तर अडचण आहे. 'मूलभूत आहेत म्हणून न्यायालयाने हात लावू नये' असा अर्थ मी लावला.

घाटमाथा

यात एवढं काय? जे विधान नक्की चूक आहे ते आधी उडवायचं. चारपैकी दोन विधानं उडाली की उत्तर आपोआप समोर येतं. 'फक्त', 'सर्व', 'कधीही नाही' असे शब्द दिसले की ते विधान बहुधा चूक असतं.

रेवा_अभ्यास

@घाटमाथा, ते 'पुढीलपैकी कोणती विधाने बरोबर आहेत' या प्रश्नांचं झालं. इथे उडवायला काही उरतच नाही, दोन्ही बरोबर असतात. प्रश्न दोघांच्या नात्याचा आहे.

घाटमाथा

अच्छा, मी ते प्रश्न समजलो. वाचतो आहे.

फळा_पुसणारा

टिपणवही यांची युक्ती निम्मी बरोबर आहे. 'कारण' घालून वाचायला हरकत नाही, पण तेवढ्यावर निर्णय करू नका. एकाच प्रकरणातली दोन खरी वाक्यं जोडली की कानाला बहुतेक वेळा जमल्यासारखीच वाटतात, कारण ती आपण पाठ्यपुस्तकात एकापाठोपाठ वाचलेली असतात. कान ओळखीला दाद देतो. रेवाताईंचं नेमकं तेच झालं.

म्हणून 'कारण' सोबत आणखी दोन-तीन शब्द त्याच जागी बसवून बघा. 'तरीही' घालून पाहा. मार्गदर्शक तत्त्वे न्यायालयामार्फत अमलात आणता येत नाहीत, तरीही ती राज्यकारभारात मूलभूत आहेत. हे वाक्य 'कारण' पेक्षा कितीतरी नीट बसतं, आणि कलम 37 ची रचनाही अशीच आहे. आधी न्यायालयाचं दार बंद केलं, आणि मग कोणी या तत्त्वांना हलकं समजू नये म्हणून सांगितलं की असं असलं तरी ती मूलभूत आहेत आणि कायदे करताना ती लागू करणं हे राज्याचं कर्तव्य आहे. दुसरा भाग पहिल्याचा खुलासा करत नाही, त्याला आवर घालतो. दोन वाक्यांत 'तरीही' चं नातं असेल तर उत्तर 1 असणं जवळजवळ अशक्य.

याच जातीचा दुसरा नमुना बघा. विधान: भारतात बहुपक्षपद्धती आहे. कारण: भारतात लोकसभेसाठी सर्वाधिक मते मिळवणारा उमेदवार विजयी ठरतो. दोन्ही खरं. पण द्युव्हर्जेच्या मांडणीनुसार अशी निवडणूक पद्धत दोन पक्षांकडे ओढते. म्हणजे इथे कारण विधानाच्या उलट दिशेला बोट दाखवतंय आणि विद्यार्थी 1 लिहून मोकळे होतात, का तर 'निवडणूक' आणि 'पक्ष' एका धड्यातले.

टिपणवही

'तरीही' वालं आवडलं. पण सर, प्रत्येक 2 नंबरच्या उत्तरात 'तरीही' बसेल असं नाही ना?

फळा_पुसणारा

नाही बसणार. बऱ्याचदा नुसतं 'आणि' बसतं. दोन खऱ्या गोष्टी, एकमेकींशी काही देणंघेणं नाही. ओळखायला तीच जास्त अवघड, कारण तिथे विरोधही दिसत नाही.

एक विधान घेऊन बसू. ते जागचं हलवायचं नाही, फक्त कारणं बदलत जायची. वर्गात मी असंच करायचो.

विधान: राज्यसभेला मंत्रिमंडळाविरुद्ध अविश्वास ठराव मंजूर करता येत नाही.

विधान खरं आहे. आता कारण वाचण्याआधी ते हाताने झाका आणि विधानाला 'का?' विचारा. स्वतःचं उत्तर एका ओळीत मनात तयार करा. ज्याचा अभ्यास झालाय तो म्हणेल, मंत्रिमंडळ सामूहिकरीत्या जबाबदार आहे ते लोकसभेला, कलम 75 चा तिसरा उपखंड. हे तयार असलं की मग हात काढा.

पहिलं कारण: 'राज्यसभा हे स्थायी सभागृह आहे.' खरं आहे. पण तुम्ही तयार केलेल्या उत्तराशी त्याचा संबंध नाही. शंका असेल तर उलटं करून पाहा: उद्या राज्यसभा दर पाच वर्षांनी विसर्जित व्हायला लागली, बाकी घटना आहे तशीच राहिली, तर तिला मंत्रिमंडळ पाडता येईल का? नाही येणार. कारण काढून घेतलं तरी विधान जागचं हललं नाही. उत्तर 2.

दुसरं कारण: 'मंत्रिमंडळ लोकसभेला सामूहिकरीत्या जबाबदार असते.' हे बदललं, म्हणजे घटनेत 'संसदेच्या दोन्ही सभागृहांना' असं असतं, तर विधान कोसळलं असतं. उत्तर 1.

तिसरं कारण: 'राज्यसभेच्या सदस्याला मंत्री होता येत नाही.' हे मुळातच चूक. मनमोहन सिंग 2004 ते 2014 पंतप्रधान होते आणि त्या काळात ते राज्यसभेचेच सदस्य होते. उत्तर 3. इथे नात्याचा विचार करत बसू नये. गंमत अशी की हे कारण खरं असतं तर स्पष्टीकरण म्हणून शोभलं असतं, आणि त्या शोभण्यामुळेच ते खरं वाटून जातं.

मनवा

हा शेवटचा मुद्दा फार खरा आहे. माझं नेहमी तसंच होतं. जोड छान जुळली की कारण खरं आहे का हे तपासायचंच राहून जातं.

फळा_पुसणारा

म्हणून क्रम मोडायचा नाही. आधी विधान एकट्याने तपासायचं, मग कारण एकट्याने, जणू विधान तिथे नाहीच. जोड सगळ्यात शेवटी.

उलटतपासणी

मी वकिली करतो, राज्यशास्त्र कॉलेजात सोडलं. तुमच्या उदाहरणावर एक हरकत.

'अविश्वास ठराव' हा शब्द मंत्रिमंडळाच्या संदर्भात घटनेत कुठेच नाही. तो येतो लोकसभेच्या कार्यपद्धतीच्या नियम 198 मधून, जिथे 50 सदस्यांच्या पाठिंब्याची अट आहे. राज्यसभेच्या नियमांत तशी तरतूदच नाही. तेव्हा कोणी कारण म्हणून 'अविश्वास ठरावाची तरतूद लोकसभेच्या कार्यपद्धती नियमांत आहे' असं दिलं, तर ते 1 की 2? मला विचाराल तर तेच खरं थेट कारण आहे, आणि 75(3) हे लांबचं.

फळा_पुसणारा

हरकत चांगली आहे. नियम जवळचा, घटना लांबची हे मान्य. पण नियम 198 लोकसभेत का आहे आणि राज्यसभेत का नाही, याचं उत्तर पुन्हा 75(3) कडेच जातं. उद्या राज्यसभेने स्वतःच्या नियमांत असं कलम घातलं, तरी त्या ठरावाने मंत्रिमंडळाला राजीनामा द्यावा लागणार नाही. म्हणजे तुमच्या कारणाला वर दिलेली कसोटी लावली तर ते टिकत नाही. मी 2 म्हणेन. पण परीक्षेत असं कारण आलं तर दोन जाणते लोक भांडू शकतील, हे कबूल.

उलटतपासणी

राज्यसभेने असा नियम केलाच तर विधान शब्दशः खोटं होईल, सर. 'ठराव मंजूर करता येत नाही' असं तुम्ही लिहिलंय, 'ठरावाने सरकार पडत नाही' असं नाही.

फळा_पुसणारा

पकडलंत. मग प्रश्न काढणाऱ्याने विधान 'राज्यसभेला मंत्रिमंडळ पदच्युत करता येत नाही' असं लिहायला हवं. माझ्या वाक्यावर तुमचा मुद्दा उभा राहतो.

रेवा_अभ्यास

मला एक चौथं कारण सुचलंय: 'राज्यसभेचे बहुतांश सदस्य अप्रत्यक्षपणे निवडले जातात.' हेही खरं आहे. आणि मला तरी ते स्पष्टीकरण वाटतं. लोकांनी थेट निवडलेलं नाही, म्हणून लोकांचं सरकार पाडायचा अधिकार नाही.

फळा_पुसणारा

हा सगळ्यात चांगला प्रश्न, कारण इथे खरोखर विचार करावा लागतो.

झाकून 'का' विचारलं तर एक घटनात्मक उत्तर मिळतं, 75(3). आणि त्याच्या मागे एक पायरी गेलं की 'लोकसभेलाच जबाबदार का?' याचं उत्तर म्हणून थेट निवडणूक येते. म्हणजे ताईंचं कारण नात्याबाहेरचं नाही, पण एक पायरी सोडून आहे.

अशा वेळी मी दुसऱ्या देशाकडे बघतो. ऑस्ट्रेलियाचं सिनेट लोक थेट निवडतात. तरी तिथे सरकार टिकतं ते प्रतिनिधी सभागृहाच्या विश्वासावर, सिनेटच्या नाही. म्हणजे थेट निवडणूक असली तरी हा अधिकार आपोआप येत नाही. त्यामुळे 'अप्रत्यक्ष निवड म्हणून अधिकार नाही' हे पुरेसं स्पष्टीकरण वाटत नाही. मी 2 कडे झुकतो.

उलटतपासणी

मग इटली पण बघा. तिथलं सिनेट थेट निवडलं जातं आणि सरकारला दोन्ही सभागृहांचा विश्वास लागतो, घटनेचं कलम 94. तुमचं एक उदाहरण एका बाजूला, माझं एक दुसऱ्या बाजूला. शिवाय प्रश्न भारताबद्दल आहे. भारतात घटनाकारांनी काय विचार केला, तेवढंच बघायचं.

फळा_पुसणारा

इटलीने तुमची बाजू मजबूत होते हे खरं. पण माझा मुद्दा एवढाच की थेट निवडलेली दोन सभागृहं, एकाकडे अधिकार आहे, दुसऱ्याकडे नाही. मग निवडीच्या पद्धतीवरून निकाल लागत नाही, निकाल लागतो तो जबाबदारी कोणाला दिली यावरून.

परीक्षेपुरतं व्यवहारी उत्तर: अशा प्रश्नात कारण म्हणून 75(3) दिलं तर बेधडक 1. अप्रत्यक्ष निवड दिली तर मी 2 करेन, पण प्रश्न काढणाऱ्याने 1 धरलं असेल तर मला आश्चर्य वाटणार नाही.

टिपणवही

मी एक वेगळी कसोटी वापरतो, ती चालेल का बघा. कालक्रम. कारण आधी घडलेलं हवं, विधान नंतर. नंतरची गोष्ट आधीच्या गोष्टीचं कारण असूच शकत नाही. यावर माझे बरेच प्रश्न सुटलेत.

फळा_पुसणारा

उलट क्रम असेल तर 1 बाद करता येतो, तेवढं बरोबर. पण क्रम सरळ आहे म्हणून 1 लिहिता येत नाही. हे बघा:

विधान: 1989 च्या निवडणुकीत लोकसभेत कोणत्याही पक्षाला स्पष्ट बहुमत मिळाले नाही.
कारण: 61 व्या घटनादुरुस्तीने मतदानाचे वय 21 वरून 18 वर आणले गेले.

दुरुस्ती 1989 च्या मार्चमध्ये लागू झाली, निवडणूक नोव्हेंबरमध्ये. क्रम अचूक. विषयही एकच, निवडणूक. पण त्रिशंकू लोकसभा नव्या तरुण मतदारांमुळे आली, असं म्हणायला आधार काय? तो दुवा तुम्ही स्वतः एका वाक्यात सांगू शकत नसाल तर परीक्षकही सांगू शकणार नाही. उत्तर 2.

टिपणवही

मी 1 लिहिलं असतं. कबूल.

मनवा

माझं एक जुनं दुखणं आहे, इथे मांडते. एका परीक्षेत हा प्रश्न होता:

विधान: राज्यसभा कधीही विसर्जित होत नाही.
कारण: राज्यसभेचे सुमारे एक तृतीयांश सदस्य दर दोन वर्षांनी निवृत्त होतात.

मी 2 लिहिलं. पहिल्या उत्तरसूचीत 1 होतं. मी रीतसर हरकत घेतली, कलम 83 ची प्रत जोडली. अंतिम सूचीतही 1 च राहिलं, आणि कारण काही कळवलं नाही. माझ्याकडच्या दोन सरावसंचांत मात्र याच प्रश्नाची दोन वेगळी उत्तरं आहेत! खरं उत्तर काय?

टिपणवही

1 च आहे. सगळे एकदम निवृत्त होत नाहीत म्हणून सभागृह कधी रिकामं पडत नाही, म्हणून विसर्जन नाही.

उलटतपासणी

मी मनवा यांच्या बाजूने. 83(1) वाचा. आधी म्हटलंय की राज्यसभा विसर्जित होणार नाही. मग 'परंतु' म्हणून पुढे एक तृतीयांश सदस्यांच्या निवृत्तीची तरतूद आहे. सभागृह कायमचं आहे म्हणून सदस्य बदलत राहण्याची सोय करावी लागली. म्हणजे नातं असलंच तर उलटं आहे: विधान हे कारणाचं स्पष्टीकरण आहे.

फळा_पुसणारा

उलट्या नात्याचा मुद्दा नेमका आहे, आणि विधान-कारणात हा सापळा फार येतो. दोघांत संबंध खरा असतो, फक्त बाणाचं टोक दुसरीकडे असतं. 'कारण' घालून वाचलं की जमतं, कारण संबंध आहेच. म्हणून एकदा वाक्यांची जागा बदलूनही वाचायचं. 'राज्यसभा विसर्जित होत नाही म्हणून दर दोन वर्षांनी एक तृतीयांश सदस्य निवृत्त होतात' हे जास्त नीट बसलं, तर 1 लिहिण्याआधी थांबा.

आणि पुन्हा ऑस्ट्रेलियाकडे येतो, माफ करा. तिथल्या सिनेटमध्ये राज्यांचे निम्मे सदस्य दर तीन वर्षांनी बदलतात, म्हणजे टप्प्याटप्प्याने निवृत्ती आहे. तरीही दोन्ही सभागृहांत विधेयकावरून कोंडी झाली तर दोन्ही एकदम विसर्जित करायची सोय तिथल्या घटनेत आहे, आणि 2016 मध्ये तसं झालंही. म्हणजे टप्प्याटप्प्याने निवृत्ती असूनही विसर्जन होऊ शकतं. मग निवृत्तीची पद्धत हे विसर्जन न होण्याचं कारण कसं? मी असतो तर 2 लिहिलं असतं.

घाटमाथा

सरांचं ऑस्ट्रेलियात कोणीतरी राहतं 🙂

टिपणवही

पण सर, प्रश्न काढणाऱ्याने ऑस्ट्रेलियाचा विचार केलेला नसतो. 'स्थायी सभागृह' म्हणजे काय हे समजावताना प्रत्येक शिक्षक एक तृतीयांश निवृत्तीच सांगतो. स्पष्टीकरण म्हणजे समजावून सांगणं, एवढाच अर्थ घेतला तर 1 चूक कुठे आहे?

फळा_पुसणारा

तो अर्थ घेणारे आहेत, आणि म्हणूनच दोन संचांत दोन उत्तरं दिसतात. शालेय पातळीवरच्या प्रश्नांत 'कसं' सांगणारं वाक्यही स्पष्टीकरण म्हणून चालवून घेतात. नेट-सेटच्या पातळीवर मी 'का' चाच आग्रह धरेन. पण इथे मी तुम्हाला पटवू शकेन असं वाटत नाही.

मनवा

मला पटलं, पण गुण गेले ते गेलेच. निदान हरकत वेडगळ नव्हती एवढं कळलं.

रेवा_अभ्यास

संस्थांचे प्रश्न आता थोडे उमजताहेत. पण विचारवंतांवरच्या प्रश्नांत 'हे बदललं तर ते कोसळेल का' ही कसोटी कशी लावायची? तिथे काही घडलेलंच नसतं. उदाहरण:

विधान: हॉब्जच्या मते निसर्गावस्था ही युद्धाची अवस्था आहे.
कारण: हॉब्जच्या मते निसर्गतः माणसे शारीरिक आणि बौद्धिक क्षमतेत साधारणपणे समान आहेत.

मी 2 लिहिलं. समानता ही चांगली गोष्ट, त्यातून युद्ध कसं निघेल? मला वाटलं स्पष्टीकरण म्हणून 'माणूस स्वार्थी आहे' असं काहीतरी हवं.

टिपणवही

मी पण 2 च म्हटलं असतं.

फळा_पुसणारा

उत्तर 1. आणि समानता चांगली की वाईट हा तुमचा-माझा विचार झाला, तो बाजूला ठेवा. विधानात 'हॉब्जच्या मते' असं आहे, म्हणजे जोड हॉब्जच्या युक्तिवादातच शोधायची.

'लेव्हायथन'च्या तेराव्या प्रकरणात तो नेमका इथूनच सुरू करतो. शरीराने दुबळा माणूसही डाव रचून किंवा इतरांना सोबत घेऊन बलवानाला मारू शकतो, इतपत सगळे समान आहेत. क्षमता समान म्हणून आपलं साध्य मिळेल ही आशाही समान. मग दोघांना एकच गोष्ट हवी असली आणि ती दोघांना मिळणार नसली की ते शत्रू होतात. समोरचा कधीही वरचढ ठरू शकतो, म्हणून कोणी कोणावर विश्वास ठेवत नाही आणि आधीच हल्ला करणं शहाणपणाचं ठरतं. वर धाक घालणारी सत्ता नाही. हे झालं युद्ध.

आता कसोटी लावून पाहा. समजा हॉब्जने मानलं असतं की काही माणसं इतकी बलवान आहेत की बाकीचे त्यांच्यापुढे उभेच राहू शकत नाहीत. मग दुबळे निमूट शरण गेले असते आणि सगळ्यांचं सगळ्यांशी युद्ध उरलंच नसतं. समानता काढली की युक्तिवाद ढासळतो. घटनांवर जी कसोटी लावतो तीच इथे युक्तिवादावर लावायची.

उलटतपासणी

पण लॉकही निसर्गावस्थेत माणसं समान मानतो आणि त्याची निसर्गावस्था काही युद्धाची नाही. तुमच्या ऑस्ट्रेलियाच्या न्यायाने समानता हे युद्धाचं स्पष्टीकरण होऊ नये.

फळा_पुसणारा

वा. हे मला लागलं.

फरक असा करेन. राज्यसभेच्या प्रश्नात दोन्ही वाक्यं जगाबद्दल आहेत, म्हणून जगातलं दुसरं उदाहरण आणून तपासता येतं. हॉब्जच्या प्रश्नात दोन्ही वाक्यं एका माणसाच्या मांडणीबद्दल आहेत. लॉक समानतेला नैसर्गिक कायद्याची जोड देतो, हॉब्जच्या समानतेला असुरक्षिततेची जोड आहे. समानता एकटी पुरेशी नाही, पण हॉब्जच्या साखळीतली ती आवश्यक कडी आहे, आणि 'हॉब्जच्या मते' असं म्हटलंय तिथे एवढं पुरतं.

उलटतपासणी

म्हणजे एका ठिकाणी 'पुरेसं' हवं आणि दुसऱ्या ठिकाणी 'आवश्यक' चालतं. कोर्टात मी हे सोडलं नसतं, पण असो.

रेवा_अभ्यास

मग 'माणूस स्वार्थी आहे' हे कारण आलं असतं तर?

फळा_पुसणारा

तर तेही 1 झालं असतं, बहुधा. एका विधानाला एकाहून जास्त योग्य स्पष्टीकरणं असू शकतात. प्रश्न 'हे एकमेव कारण आहे का' असा नसतो. बरेच जण आपल्या मनातलं ठरलेलं उत्तर कारणात दिसलं नाही की 2 लिहून टाकतात. मीच वर झाकून 'का' विचारा म्हणालो, त्याचा हा धोका आहे. तुम्ही तयार केलेलं उत्तर दिसलं तर 1 नक्की. नाही दिसलं तर लगेच 2 नाही, मग दिलेलं कारण काढून पाहायचं, विधान उभं राहतं का ते.

रेवा_अभ्यास

हेच करून बघायला एक प्रश्न स्वतः तयार केला, बघा जमलाय का.

विधान: मालमत्तेचा हक्क आज मूलभूत हक्क नाही.
कारण: मालमत्तेचा हक्क कलम 300अ मध्ये घटनात्मक कायदेशीर हक्क म्हणून आहे.

माझं उत्तर 2. 'का' विचारलं तर येतं: 44 व्या घटनादुरुस्तीने, 1978 मध्ये, तो मूलभूत हक्कांतून काढला. 300अ ही त्याच दुरुस्तीने दिलेली नवी जागा आहे. ते कलम घातलंच नसतं तरी मूलभूत हक्क म्हणून तो गेलाच असता.

मनवा

मस्त. मी यात 1 लिहून फसले असते.

टिपणवही

मला यात 1 पण चालेल असं वाटतं. भाग 3 मधून उचलून 300अ मध्ये ठेवला, म्हणून तो मूलभूत राहिला नाही.

फळा_पुसणारा

रेवाताईंचं 2 बरोबर. टिपणवही, 'उचलला' आणि 'ठेवला' या दोन क्रिया आहेत. विधानाचं स्पष्टीकरण पहिली करते, आणि कारणात दुसरी दिली आहे. कारणात 'कलम 19(1)(च) आणि कलम 31 वगळण्यात आले' असं असतं तर 1.

फक्त 'घटनात्मक कायदेशीर हक्क' असं मोघम लिहू नका ताई. एवढ्यावरून कोणी कारण चूक ठरवून 3 लिहील आणि हरकत घेईल. 'कलम 300अ नुसार कायद्याच्या अधिकाराखेरीज कोणालाही मालमत्तेपासून वंचित करता येत नाही' असं सरळ कलमाच्या भाषेत द्या.

उलटतपासणी

हरकत मीच घेणार होतो.